दम कुणाचा? नाव कुणाचं? आळ्यांच्या कबड्डी स्पर्धेचं घोषवाक्य

प्रश्न : "आमच्या गावात दरवर्षी सात संघांची कबड्डी स्पर्धा भरते. पाटीलआळी, कुंभारआळी, सुतारआळी, देऊळआळी, बाजारपेठ, कोळीवाडा आणि नवी वसाहत. यंदा मुलींचे संघही उतरणार आहेत. जर्सीवर आणि बॅनरवर टाकायला एक घोषवाक्य हवंय, वाचून प्रत्येक आळीच्या पोरांची छाती फुगली पाहिजे. 'शौर्य, सन्मान, स्वाभिमान' सुचलंय, पण काहीतरी कमी वाटतंय. हातात सहा आठवडे आहेत. काय लिहावं?"

उत्तर :

तुम्हाला कमी वाटतंय ते बरोबरच वाटतंय. मी रायगड जिल्ह्यात गावोगावच्या कबड्डी स्पर्धांचं निवेदन करतो, बावीस वर्षं झाली. त्यातली बारा-तेरा वर्षं मंडळांना जर्सी आणि बॅनरचा मजकूरही लिहून देतोय. तुमच्यासारखे तीन शब्द मी स्वतः दोन स्पर्धांना दिले होते. बॅनर लागले, फोटो निघाले आणि तीन दिवसांत एकाही पोराच्या तोंडून ते शब्द मी ऐकले नाहीत. त्यावरून मी एक साधी परीक्षा शिकलो. घोषवाक्याच्या वर "भव्य कबड्डी स्पर्धा" असं लिहिलेलं खोडायचं आणि तिथे "वक्तृत्व स्पर्धा" लिहून बघायचं. खाली "शौर्य, सन्मान, स्वाभिमान" तसंच शोभलं, तर त्यात कबड्डी नाही. मग त्याच वाक्याखाली शेजारच्या तालुक्याचं नाव घालून बघायचं. तरी शोभलं, तर त्यात तुमचं गावही नाही. तुमचे शब्द प्रशस्तिपत्रावर चालतील. जर्सीवर नाही.

खरी अडचण शब्दांच्या निवडीच्या आधीच सुरू होते. तुम्हाला वाक्य एकच हवंय आणि ते सातही जणांना स्वतःचं वाटायला हवंय. या दोन मागण्या एकमेकींच्या विरुद्ध ओढतात. सातही जर्सींवर अक्षरशः तेच वाक्य छापलं तर ते आयोजकांचं वाक्य होतं. पोरं ते घालतात, पण ओरडत नाहीत. सात संघांना सात निरनिराळी वाक्यं दिली तर स्पर्धेला चेहरा राहत नाही, आणि कुणाचं वाक्य जास्त जोरदार यावरून पहिल्याच बैठकीत वाद होतो. म्हणून मी हल्ली वाक्य लिहीत नाही, चौकट लिहितो. बाकी सगळे शब्द पक्के आणि एक जागा मोकळी. त्या मोकळ्या जागेत आळीचं नाव बसतं. पोराची छाती फुगते ती त्याच्या आळीच्या नावाने. आपल्या विशेषणांनी ती फुगत नाही.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. बाहेरगावचे निमंत्रित संघ येणार असतील तर ही चौकट तशीच चालणार नाही. तिथे गावाचं नाव पुढे आणावं लागतं आणि आळ्या मागे जातात. जर्सी प्रायोजक देणार असेल आणि छाती त्याने आधीच मागितली असेल, तर पुढे सांगितलेली मांडणी बदलावी लागेल. आणि गावात आळ्या-आळ्यांत जुनं भांडण खरोखर धुमसत असेल, तर आळीचं नाव मोठं करण्याआधी जाणत्या मंडळींशी बोला. हे तिन्ही तुमच्याकडे नाही असं धरून पुढे लिहितो.

आधी माझी एक चूक सांगतो, कारण ती तुमच्याकडूनही सहज होईल. एका गावाला मी लिहून दिलं होतं, "मातीतले वाघ, मैदानात आग". यमक जुळलं, कमिटी खूश झाली, छपाईही झाली. त्या गावात एका वाडीची ग्रामदेवता वाघजाई. त्या वाडीच्या झेंड्यावर वाघ, संघाच्या नावात वाघजाई. पहिल्या संध्याकाळी ती पोरं मैदानात आली तेव्हा त्यांच्या बाजूने आरोळी उठली, "बघा, स्पर्धाच आमच्या नावाची!" बाकीच्या पाच वाड्यांच्या अंगावर तेच वाक्य होतं. दुसऱ्या दिवशी दोन संघांनी जर्सीवर पांढरी पट्टी चिकटवून वाक्य झाकलं. भरीत भर म्हणजे पाऊस पडला आणि सामने शाळेच्या सभागृहात मॅटवर घ्यावे लागले, त्यामुळे "मातीतले" हा शब्दही उघडा पडला. तेव्हापासून प्राणी, देव, रंग आणि मैदानाचा प्रकार या चार गोष्टी मी सामाईक वाक्यात येऊ देत नाही. जात किंवा घराणं तर नाहीच. "मर्दांचा खेळ" वगैरेही नको. तुमच्याकडे मुली उतरणार आहेत आणि त्यांच्याही पाठीवर हेच वाक्य असणार आहे.

मग चौकटीत पक्कं काय ठेवायचं? कबड्डीचे स्वतःचे शब्द मोजके आहेत. चढाई, पकड, लोण, बोनस, मध्यरेषा, निदानरेषा, दम. यातला लोण जोरकस आहे, पण तो एकाने दुसऱ्याला द्यायचा असतो. "लोण चढवणार" असं सातही जर्सींवर लिहिलं की सातही जण एकमेकांना धमकी देतायत. पकड हा बचावाचा शब्द, चढाई हा चढाईपटूचा. त्यातला कुठलाही घेतला की अर्धा संघ बाहेर राहतो. दम मात्र सगळ्यांचा आहे. "कबड्डी, कबड्डी" म्हणत आत गेलेल्याचा दम तुटला की चढाई तिथेच संपली. बाकी सहा जण श्वास रोखून बघत असतात. शिवाय रोजच्या बोलण्यात दम म्हणजे धमक. "दम असेल तर ये" हे लहान पोरगंही म्हणतं. गावातली म्हातारी माणसं या खेळाला अजून हुतूतू म्हणतात आणि त्यांच्या वेळीही शब्द दमच होता. एका शब्दात खेळाचा नियम आणि माणसाची रग दोन्ही मिळतात, तर दुसरा शब्द शोधायला मी जाणार नाही.

दम पक्का केला आणि मोकळ्या जागेत आळीचं नाव टाकलं की वाक्य असं उभं राहतं :

दम आमचा, नाव कुंभारआळीचं!

मोठ्याने म्हणून बघा. चार ठोके पडतात : दम, आमचा, नाव, आळीचं. प्रत्येक ठोक्यावर टाळी बसते. "आमचा", "नाव", "आळी" या तिन्हींत आ आहे. आ म्हणताना तोंड पूर्ण उघडतं, म्हणून मैदानाच्या पलीकडेही आवाज पोचतो. "स्वाभिमान" ओरडून बघा, भि-वर आवाज दबतो. "आमचाऽऽ" हवं तितकं ताणता येतं आणि "आळीचं" वर वाक्य तुटून थांबतं, म्हणजे पुढचा ढोल नेमका कुठे पडायचा हे वाजवणाऱ्याला कळतं. "आळीचे" असं ग्रंथातलं रूप करू नका. ही ओरडायची गोष्ट आहे आणि ओरडताना आपण "आळीचं"च म्हणतो.

हे मी एका मंडळाला दिलं तेव्हा एक घोळ झाला होता, तोच तुमच्याकडे होणार आहे. तुमच्या सातांपैकी चारच आळ्या आहेत. प्रवेशद्वारावर किंवा मोठ्या बॅनरवर सगळ्यांसाठी म्हणून "दम आमचा, नाव आळीचं" असं लिहिलंत, तर बाजारपेठ, कोळीवाडा आणि नवी वसाहत बाहेर राहतात. नव्या वसाहतीतली माणसं बहुधा बाहेरून येऊन स्थायिक झालेली असतात, त्यांना ही गोष्ट सगळ्यात आधी लागते. तुम्ही स्वतःही प्रश्नात सगळ्यांना सरसकट "आळीची पोरं" म्हटलंय, बघा. "नाव गावाचं" असं करून वाद मिटतो खरा, पण मग आळीचा अभिमान गेला, आणि तोच तर तुम्हाला हवा होता.

यावर मला सापडलेला उपाय असा. बॅनरवर उत्तर लिहूच नका, प्रश्न लिहा :

दम कुणाचा? नाव कुणाचं?

आणि उत्तर जर्सीवर लिहा. सात जर्सी, सात उत्तरं. बॅनर आयोजकांचा, तो कुणाचीही बाजू घेत नाही, नुसतं विचारतो. मैदानात उतरणारा प्रत्येक संघ त्याचं उत्तर अंगावर घालून येतो. आपल्याकडे घोषणा दोन तुकड्यांत द्यायची सवय मुळातली आहे. एकाने "गणपती बाप्पा" म्हणायचं, बाकीच्यांनी "मोरया". "हर हर" म्हटलं की "महादेव" आपोआप येतं. लोकांना काही नवं शिकवावं लागत नाही. माइकवरून "दम कुणाचा?" असं विचारलं की एका बाजूने "आमचा!" येतं. "नाव कुणाचं?" म्हटलं की सातही बाजूंनी सात नावं येतात. पहिल्या वेळी गोंधळ होतो, दुसऱ्या वेळी प्रत्येक बाजू दुसरीपेक्षा मोठ्याने ओरडायला बघते. तुम्हाला जी ऊर्जा हवी आहे ती हीच.

इथवर ठरलं ते असं : बॅनरवर प्रश्न, जर्सीवर "दम आमचा" हे सगळ्यांना सारखं, आणि नाव ज्याचं त्याचं. आता बारकावे. बहुतेक मंडळं इथेच चुकतात.

पहिला बारकावा व्याकरणाचा आहे. छपाईवाला सात नावं घेतो आणि प्रत्येकापुढे "चं" चिकटवतो. आळ्यांना ते चालून जातं. बाकी तिघांचं बिघडतं. "कोळीवाडाचं" असं मराठीत नाही, "कोळीवाड्याचं" हवं. "बाजारपेठचं" नको, "बाजारपेठेचं". आणि नवी वसाहत तर दोन्ही शब्दांत बदलते, "नव्या वसाहतीचं". हे तुम्ही स्वतः हाताने लिहून द्या, "बाकीच्यांचं तसंच करा" असं फोनवर सांगू नका. "देऊळआळी" जोडून लिहायचं की "देऊळ आळी" असं तोडून, हे त्या आळीतल्या माणसांना विचारा. त्यांच्या मंडळाच्या फलकावर जसं आहे तसं घ्या. आपल्या नावातली मोकळी जागा चुकली तरी माणसाला ते परकं वाटतं.

आणि "चं" वरचा अनुस्वार. तो टिंब छपाईत हमखास गळतो. "नाव कुंभारआळीच" असं झालं की अर्थ बदलतो, म्हणजे नावच कुंभारआळी असं काहीतरी होतं. एका गावात बारा जर्सी अशा आल्या होत्या आणि पोरांनी मार्करने टिंब दिले. पहिल्या सामन्याच्या घामात ते टिंब ओघळून खाली आले.

दुसरा बारकावा, जर्सीवर कुठे काय. कबड्डीत जर्सी कोण वाचतो याचा विचार करा. चढाईपटू आत जातो तेव्हा त्याची छाती समोरच्या संघाकडे असते आणि पाठ आपल्या माणसांकडे. परततानाही तो शक्यतो तोंड बचावाकडेच ठेवून मागे सरकतो, कारण पाठ फिरवली की कमरेत हात पडलाच. बचावातले खेळाडूही चढाईपटूकडे तोंड करून उभे असतात. म्हणजे छाती सतत प्रतिस्पर्धी वाचतो आणि पाठ आपली माणसं वाचतात. म्हणून मी वाक्य मधोमध कापतो. छातीवर "दम आमचा". ते समोरच्याला सांगायचं आहे. पाठीवर "नाव कुंभारआळीचं". ते मागे बसलेल्या आईबापांनी, आळीतल्या पोरांनी वाचायचं आहे. एक पोरगा एकटा सात जणांत शिरतो तेव्हा त्याच्या पाठीवर आपल्या आळीचं नाव दिसतं. मी निवेदकाच्या टेबलावरून हे बघितलंय, त्या क्षणी मागचा जमाव आपोआप उठतो.

पाठीवर मधोमध क्रमांक लागतो, तो छातीवरही लागतो. त्याला हात लावू नका. पंचांना आणि गुणलेखकाला तो लांबून दिसला पाहिजे. आळीचं नाव क्रमांकाच्या वर, दोन खांद्यांच्या मध्ये घ्या. प्रौढ जर्सीत तिथे साधारण बारा इंच रुंदी वापरता येते. क्रमांकाच्या खाली काही लिहू नका. खेळाडू जर्सी चड्डीत खोचतात, खालचे चार-पाच इंच आत जातात. "नाव" हा शब्द लहान, त्याच्या खाली "कुंभारआळीचं" मोठं. सातही संघांच्या अक्षरांची उंची सारखी ठेवा, रुंदी नाही. नाहीतर छपाईवाला प्रत्येक नाव बारा इंचात ताणतो. "देऊळआळीचं" टपोरं येतं, "नव्या वसाहतीचं" बारीक येतं, आणि वसाहतीतली पोरं ते पहिल्या नजरेत ओळखतात. सगळ्यात लांब नाव बारा इंचात बसवा आणि त्याची जी उंची येईल तीच बाकी सहांना द्या.

छपाईबद्दल थोडक्यात. संघात 12 जण धरले तर मुलांच्याच 84 जर्सी होतात, सात वेगळे मजकूर आणि प्रत्येकीवर वेगळा क्रमांक. स्क्रीन प्रिंटिंगला प्रत्येक मजकुराची वेगळी जाळी करावी लागते, त्यामुळे थोड्या नगांना ते महाग पडतं. गरम इस्त्रीने चिकटवायचे स्टिकर स्वस्त असतात, पण कबड्डीत छाती जमिनीवर घासते आणि कापड ओढलं जातं, दोन सामन्यांत अक्षरांना तडे जातात. पॉलिस्टरच्या कापडावर सब्लिमेशन करा. रंग धाग्यातच उतरतो, सोलून निघत नाही, आणि प्रत्येक जर्सीवर वेगळा मजकूर टाकायला वेगळा खर्च येत नाही. फिक्या कापडावर गडद अक्षर, एवढं त्यात पाळावं लागतं, कारण सब्लिमेशन गडद कापडावर उठत नाही. गडद रंगाची जर्सी हवी असेल तर पांढऱ्या कापडावर रंगासकट सगळंच छापून घ्यावं लागतं. बहुतेक ठिकाणी ते तसंच करतात, फक्त आधी विचारून घ्या.

आता बॅनर. गावात सर्रास मिळणारा 10 बाय 3 फुटांचा फ्लेक्स धरा. दोन्ही बाजूंना फूटभर मोकळं सोडलं तर 96 इंच उरतात. "दम कुणाचा? नाव कुणाचं?" यात दहा अक्षरं आहेत, काने आणि दोन प्रश्नचिन्हं वेगळी. म्हणजे एका अक्षराला जेमतेम आठ इंच मिळतात. माझा स्वतःचा हिशोब असा की दहा फुटांवरून आरामात वाचायला अक्षर एक इंच उंच हवं. यात मात्रा, उकार धरायचे नाहीत, शिरोरेघेखालचं अंगच मोजायचं. आठ इंचांचं अक्षर ऐंशी फुटांवरून वाचता येतं. मुलांचं मैदान 13 मीटर लांब, म्हणजे साधारण त्रेचाळीस फूट. दोन्हीकडची मोकळी जागा आणि बसायच्या रांगा धरल्या तर समोरच्या टोकाचा माणूस सत्तर-पंच्याहत्तर फुटांवर असतो. बसतंय, पण जेमतेम. याच फ्लेक्सवर तुम्ही पदाधिकाऱ्यांचे चौदा फोटो, तारखा आणि प्रायोजकांची नावं घातलीत, तर अक्षर तीन इंचांवर येतं आणि घोषवाक्य पहिल्या रांगेपुरतं उरतं. फोटो लावायचेच असतात, मला माहीत आहे. त्यांना प्रवेशाच्या कमानीवर जागा द्या. मैदानाच्या टोकाला, गुणफलकाच्या बाजूला, जो बॅनर प्रत्येक फोटोत येणार आहे, त्यावर फक्त हा प्रश्न आणि खाली एका ओळीत स्पर्धेचं नाव. कमिटीला हे पटवायला मला दरवेळी एक संध्याकाळ खर्च करावी लागते. तुम्हीही करा.

रंगांतही एक गोष्ट. बॅनरचा रंग सातांपैकी कुठल्याही संघाच्या जर्सीचा नको. पांढऱ्यावर काळं किंवा गडद निळं घ्या. रात्रीचे सामने असतील तर चकचकीत फ्लेक्सवर दिव्यांची झळाळी येते आणि मधली तीन अक्षरं जळून जातात. दिवे लावल्यावर समोरच्या टोकाला उभं राहून एकदा वाचून बघा आणि बॅनर थोडा पुढे झुकवून बांधा.

छपाईतला सगळ्यात मोठा घात मात्र अक्षरांचा असतो. फ्लेक्सवाले बऱ्याच ठिकाणी अजून जुन्या पद्धतीचे मराठी फाँट वापरतात. तुम्ही व्हॉट्सअॅपवर पाठवलेला मजकूर त्यात उचलून टाकला की जोडाक्षरं तुटतात आणि पहिली वेलांटी आपल्या जागेवरून सरकते. "शिवाजी"चं "शविाजी" झालेलं तुम्ही रस्त्यावर बघितलं असेलच. एका शहरातल्या दुकानाने आमच्या "गल्ली"चं "गल्‌ली" करून दिलं होतं, मधला पाय मोडलेला, पंधरा फुटी फ्लेक्सवर. स्पर्धा दुसऱ्या दिवशी होती. त्या रात्री मी ठरवलं की घोषवाक्याच्या पक्क्या भागात शक्यतो जोडाक्षर, रफार आणि पहिली वेलांटी येऊच द्यायची नाही. "दम आमचा" आणि "दम कुणाचा? नाव कुणाचं?" यांत यातलं एकही नाही, हे तुम्ही पुन्हा वाचून बघा. तुमच्या "शौर्य, सन्मान, स्वाभिमान"मध्ये एक रफार, दोन जोडाक्षरं आणि एक पहिली वेलांटी आहे. बिघडायला चार जागा. दुरून बघतानाही जोडाक्षराचा काळा गोळा दिसतो, सुटं अक्षर सुटं दिसतं.

मोकळ्या जागेतल्या नावांवर मात्र आपला ताबा नाही. "कोळीवाड्याचं" मधला ड्या आणि "नव्या" मधला व्या ही दोन जोडाक्षरं राहणारच. तिथे छापण्याआधी स्वतः दुकानात जाऊन पडद्यावर बघा. मजकूर पाठवताना दोन गोष्टी पाठवा : लिहिलेला मजकूर आणि त्याचा स्वच्छ फोटो. फोटो बघून ताळा करता येतो. मजकूर एकदा बरोबर बसला की दुकानदाराला सांगा, अक्षरं कर्व्हमध्ये करून मगच फाइल छपाईला पाठवा. मग ती दुसऱ्या कुठल्याही संगणकावर उघडली तरी बदलत नाही. हे नेहमीच्या बोलण्यातलं आहे, त्यांना लगेच कळतं.

छापण्याआधी वाक्य मैदानात वापरून बघा, खर्च शून्य. सरावाच्या संध्याकाळी दोन आळ्यांची पोरं जमलेली असताना एकाला टोकाला उभं करा आणि "दम कुणाचा?" ओरडायला लावा. सांगायचं काही नाही. तिसऱ्या हाकेपर्यंत उत्तर आपसूक आलं तर वाक्य चालणार. आणि गावातल्या सगळ्यात वात्रट पोराला विचारा, "याचं वाकडं काय करशील?" तो दोन मिनिटांत करून दाखवतो. "दम संपला" किंवा "नाव बुडालं" इतपत आलं तर हरकत नाही, ती मैदानातली चिडवाचिडवी आहे, खेळाला रंगच येतो. घाणेरडं काही निघत असेल किंवा कुणाच्या आळीच्या नावावरून जातीवर जात असेल, तर वाक्य तिथेच सोडा. तुमच्या सातांत मला तसं काही दिसत नाही, पण गावातले जुने टोमणे मला माहीत नसतात, तुम्हाला असतात.

शेवटचं तुमच्या निवेदकासाठी. चढाई चालू असताना ही घोषणा द्यायची नाही, कितीही मोह झाला तरी. चढाईपटूचा "कबड्डी, कबड्डी" पंचांना सलग ऐकू यावा लागतो. माइकवरून आरोळी सुरू झाली तर पंचांना दम तुटला की नाही हे कळत नाही आणि सामना तिथे अडतो. माझ्याकडून सुरुवातीच्या वर्षांत असं एकदा झालं होतं आणि एका चांगल्या पोराची चढाई वादात गेली. ते मला अजून खुपतं. संघ मैदानात येताना, लोण झाल्यावर खेळाडू परत आत येईपर्यंत, टाइमआउटमध्ये आणि मध्यंतरात घोषणा द्या. संघ आत येतानाची वेळ सगळ्यात चांगली. निवेदकाने "दम कुणाचा?" म्हणायचं, आत येणाऱ्या संघाने छाती ठोकून "आमचा!", आणि "नाव कुणाचं?" म्हटल्यावर सगळ्यांनी प्रेक्षकांकडे पाठ करून उभं राहायचं. नाव लोकांनी वाचून ओरडायचं.

जर्सीचा नमुना एकाच संघाचा करून घेऊ नका. कोळीवाडा आणि नवी वसाहत या दोन अवघड नावांचे दोन नमुने आधी मागवा, त्या त्या संघाच्या कर्णधाराच्या अंगावर चढवून फोटो काढा, आणि टिंब, ड्या, व्या बघून मगच बाकीच्यांना होकार द्या. सहा आठवड्यांपैकी नमुन्यांसाठी एक पूर्ण आठवडा बाजूला ठेवा.